धागा: इनडोअर अँटेना नक्की कुठे ठेवायचा? स्ट्रेंथ ८०, तरी चित्र फुटतंय (लंडन, फ्रीव्ह्यू)

निलेश_हॅरो
नमस्कार मंडळी. आम्ही मार्चमध्ये हॅरोला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, दुसरा मजला, वर अजून एक मजला आहे. बिल्डिंगवर सामायिक अँटेना होता म्हणे पण भिंतीतल्या सॉकेटमध्ये काहीच येत नाही, आणि घरमालक म्हणतो छतावर काही लावायचं नाही. म्हणून एका दुकानातून तो कागदासारखा चपटा इनडोअर अँटेना आणला, सोबत छोटा ॲम्प्लिफायर आहे जो यूएसबीवर चालतो. बॉक्सवर लिहिल्याप्रमाणे हॉलच्या खिडकीच्या काचेला चिकटवला.
आता टीव्हीच्या सिग्नल स्क्रीनवर स्ट्रेंथ ७८-८० दाखवतं पण क्वालिटी ३० ते ४० च्या मधे नाचत असते. बीबीसी वन बऱ्यापैकी लागतं, आयटीव्ही मधेच चौकोन चौकोन होऊन थांबतं, आणि १०१ वरचं एचडी तर बहुतेक वेळा 'नो सिग्नल'. आई पुण्याहून आलीये तीन महिन्यांसाठी, तिला विम्बल्डन बघायचंय आणि मॅच पॉइंटला चित्र गोठतं हे बघून मलाच वाईट वाटतं. टीव्ही लायसन्स घेतलेलं आहे, ब्रॉडबँड यायला अजून दोन आठवडे आहेत, त्यामुळे स्ट्रीमिंग करा हा सल्ला सध्या नको. रोज संध्याकाळी अँटेना इकडे तिकडे हलवतो आणि प्रत्येक वेळी रिट्यून करतो. काय चुकतंय?

अभि_स्लाऊ
स्ट्रेंथ वाढव. मी स्लाऊला आहे, माझं पण असंच होत होतं, जास्त पॉवरचा ॲम्प्लिफायर लावला आणि सगळं नीट झालं. ८० चं ९५ झालं की क्वालिटी आपोआप येते.

गिरगावकर
निलेश, आमच्या गावी फ्री डिशवर अगदी हेच झालं होतं. स्ट्रेंथ ८५ आणि क्वालिटी शून्य. माणूस आला, छत्री दोन बोटं सरकवली, लगेच क्वालिटी ६०. तुझी पण छत्री ९३.५ अंशाला बरोबर लागलेली नसेल, छत्रीसमोरचा डबा, एलएनबी, तो पण चेक कर.

शुभदा_एस
@गिरगावकर, त्यांच्याकडे छत्री नाहीये हो, घरातला अँटेना आहे. फ्रीव्ह्यू उपग्रहावरून नाही, जमिनीवरच्या टॉवरवरून येतं.

वसंतकाका
शुभदाताई, छत्री नाही हे खरं, पण गिरगावकरांनी नकळत कामाची गोष्ट सांगितली. छत्री आभाळात कुठेही रोखलेली असली तरी एलएनबी स्वतःचा गोंगाट खाली पाठवत राहतो, आणि बॉक्स त्यालाच स्ट्रेंथ समजून ८५ दाखवतो. निलेशकडे तेच काम ॲम्प्लिफायर करतोय. स्ट्रेंथची पट्टी एवढंच सांगते की वायरमधून किती माल येतोय, त्यात गहू किती आणि खडे किती हे सांगत नाही. ते क्वालिटीची पट्टी सांगते, कारण ती टीव्हीला किती चुका दुरुस्त कराव्या लागतायत त्यावरून काढलेली असते. ॲम्प्लिफायर गहू आणि खडे दोन्ही सारखेच वाढवतो आणि वर स्वतःचे चार खडे टाकतो.
म्हणून अभि, तुझं जमलं त्याचं कारण वेगळं असणार. स्लाऊ टॉवरपासून ३५ किलोमीटरच्या वर आहे, कदाचित तुझी केबल लांब असेल किंवा एका अँटेनावर दोन टीव्ही असतील. केबलमध्ये हरवणारा सिग्नल ॲम्प्लिफायर वाचवू शकतो. पण अँटेनापाशीच जो बिघडलेला आहे तो त्याला सुधारता येत नाही.
निलेश, तीन गोष्टी सांग. खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? काच नवीन डबल ग्लेझिंग आहे का जुनी? आणि सिग्नल स्क्रीनवर यूएचएफ चॅनेलचा नंबर दिसतो का, २३, २६ वगैरे?

अभि_स्लाऊ
हो काका, बेडरूमला दुसरा टीव्ही आहे, स्प्लिटर लावलाय. पण माझ्याकडे फरक पडला हे नक्की.

निलेश_हॅरो
काका धन्यवाद. कंपासने बघितलं, हॉलची खिडकी वायव्येला आहे. काचा नवीन डबल ग्लेझिंगच्या आहेत, हॉलमध्ये पण आणि बेडरूममध्ये पण. नंबर दिसतात: बीबीसी वनला २३, आयटीव्हीला २६, एचडीला ३०. बाकी चॅनेलांना २२, २५, २८ असे आहेत.

वसंतकाका
हे नंबर क्रिस्टल पॅलेसच्या टॉवरचे आहेत, म्हणजे ट्यूनिंग बरोबर टॉवरवर झालंय. आता नकाशा बघ. हॅरोहून क्रिस्टल पॅलेस साधारण २५ किलोमीटर, आणि बरोब्बर आग्नेयेला. तुझी खिडकी त्याच्या नेमकी उलट दिशेला आहे. म्हणजे सरळ येणारी लहर तुझ्या अख्ख्या घरातून, भिंती फ्रीज कपाटं ओलांडून त्या अँटेनापाशी पोचते, आणि समोरच्या इमारतींवर आपटून परतलेली लहर खिडकीतून आत येते. दोन्ही एकमेकींत मिसळतात. बॉक्सवर 'खिडकीला चिकटवा' लिहिलेलं असतं ते टॉवरकडच्या खिडकीला, हे मात्र कोणी लिहीत नाही.
जुन्या काळी पुण्यात लोक गच्चीवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवायचे आणि खालून कोणीतरी ओरडायचं, आता आलं, आता गेलं. तेव्हा परतलेली लहर पडद्यावर दिसायची, माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली. चित्र थोडं वाईट, मग अजून वाईट, असं हळूहळू जायचं. डिजिटलमध्ये सावली दिसत नाही आणि थोडीफार सावली टीव्ही सहनही करतो, पण दोन लहरी जिथे एकमेकींना मारतात तिथे सिग्नलमध्ये खळगा पडतो. टीव्ही चुका दुरुस्त करत करत चित्र स्वच्छ ठेवतो आणि हद्द ओलांडली की एकदम गोठतो. म्हणून चित्र चांगलं दिसतंय याचा अर्थ कडा लांब आहे असा नाही, कदाचित आपण कड्यावरच उभे असू. ते फक्त क्वालिटीच्या पट्टीवरून कळतं.
आणि रिट्यून करणं आधी बंद कर. अँटेना हलवला तरी टॉवरचे नंबर बदलत नाहीत. वाईट सिग्नलमध्ये रिट्यून केलंस तर जे मल्टिप्लेक्स त्या क्षणी सापडत नाहीत ते यादीतून उडतात, किंवा दुसऱ्या टॉवरचे चॅनेल ८०० च्या पुढच्या नंबरांवर येऊन बसतात.

शुभदा_एस
काका, मल्टिप्लेक्स म्हणजे हे २३, २६ वगैरे ना? एका नंबरात बरेच चॅनेल एकत्र येतात असं माझा मुलगा सांगत होता.

वसंतकाका
बरोबर. सहा गाठोडी आहेत समजा, प्रत्येकात पुष्कळ चॅनेल बांधलेले. एक गाठोडं आलं तर त्यातले सगळे येतात, गेलं तर सगळे जातात. म्हणून 'बीबीसी येतं, आयटीव्ही येत नाही' यात चॅनेलचा दोष नसतो. आणि सगळी गाठोडी सारखी मजबूत बांधलेली नाहीत. २३ आणि २६ मध्ये चुका दुरुस्त करायला जास्त जागा राखून ठेवलेली आहे. २२, २५, २८ मध्ये त्याच जागेत जास्त चॅनेल कोंबलेत म्हणून ते आधी फुटतात. ३० वर एचडीसाठी नवीन पद्धत आहे, काही जुने टीव्ही ती घेतच नाहीत, पण निलेशला कधीकधी तरी लागतंय म्हणजे तो प्रश्न नाही.

केदार_क्रॉयडन
माझा उलटा अनुभव सांगतो. मी क्रॉयडनला, टॉवर पाच-सहा किलोमीटरवर, वरच्या मजल्यावरून रात्री मास्टवरचे लाल दिवे दिसतात. आधीच्या घरातला ॲम्प्लिफायरवाला अँटेना इथे लावला तर स्ट्रेंथ १०० आणि क्वालिटी ० ते ५०, एकही चॅनेल नीट नाही. दोन दिवस वाटलं टीव्ही खराब झाला. शेवटी ॲम्प्लिफायरची यूएसबी काढली, तो मधला डबा पण काढला, केबल थेट टीव्हीला लावली तर स्ट्रेंथ ७० आणि क्वालिटी १००. ट्यूनरला इतका जोरदार सिग्नल झेपत नाही. अभिचा सल्ला ऐकून इथे कोणी मोठा ॲम्प्लिफायर लावला तर सगळंच जाईल.

अभि_स्लाऊ
मान्य, टॉवरच्या जवळ असाल तर नको. पण हॅरो काही जवळ नाही.

निलेश_हॅरो
आज करून बघितलं. केबल पाच मीटरची घेतली आणि अँटेना बेडरूमच्या खिडकीत नेला, ती आग्नेयेला आहे. ॲम्प्लिफायर काढला. स्ट्रेंथ ५५ वर आली, क्वालिटी २३ वर ६०, २६ वर ५५, ३० वर ४५, २८ वर ४०. म्हणजे स्ट्रेंथ कमी होऊन क्वालिटी वाढली, काका म्हणाले तसंच. पण दिशा बरोबर असूनही एवढीच? आणि हातात धरला की ८० दाखवतं, हात सोडला की पडतं.

वसंतकाका
हातात धरलेलं माप धरू नकोस. आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, ती लहर अडवते पण आणि वळवते पण. अँटेना ठेव, दोन पावलं मागे ये, आणि दहा सेकंद थांब, कारण पट्टी लगेच हलत नाही, मागच्या क्षणांची सरासरी दाखवते. बरेच लोक फिरवत फिरवत पट्टी बघतात आणि तीन सेकंदांपूर्वीच्या जागेचं माप आत्ताच्या जागेला लावतात.
आता एक चाचणी. अँटेना काचेवरून काढून सिलवर ठेव, तोंड आग्नेयेलाच राहू दे, आणि खिडकी पूर्ण उघड. क्वालिटी एकदम चढली तर दोष काचेचा.

निलेश_हॅरो
काका!! खिडकी उघडली आणि २३ वर ६० चं १०० झालं, २८ वर ४० चं ७५. बंद केली की परत खाली. तीनदा करून बघितलं. हे कसं काय?

केदार_क्रॉयडन
नवीन काचांवर उष्णता आत ठेवायला धातूचा एकदम पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही. रेडिओ लहरींना ती जवळजवळ पत्र्याची भिंत. माझ्या ऑफिसमध्ये याच काचांमुळे मोबाईलला रेंज नसते.

वसंतकाका
केदार बरोबर सांगतोय. म्हणून अशा घरात खिडकीपेक्षा शेजारची विटांची भिंत बरी पडते. भिंतीत इन्सुलेशनची चांदीवाली शीट असली तर मात्र तीही गेली. निलेश, बिल्डिंग जुनी विटांची असेल तर खिडकीच्या बाजूला भिंतीवर, जमेल तितकं उंच, करून बघ. आणि एका जागेवर थांबू नकोस. मास्किंग टेप घे, भिंतीवर आडव्या रेषेत १५-१५ सेंटीमीटरवर खुणा कर. २३ नंबरची लहर साधारण ६० सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे आपटून आलेल्या लहरींमुळे खोलीत उंचवटे आणि खळगे साधारण १५ सेंटीमीटरच्या अंतराने येतात. वीतभर सरकवलं की शिखरावरून खड्ड्यात. प्रत्येक खुणेवर चारही नंबर लिहून काढ, स्ट्रेंथ लिहूच नकोस. आणि प्रत्येक नंबरवर मिनिटभर बघून सगळ्यात खाली गेलेला आकडा लिही, सगळ्यात वर गेलेला नाही.

मृणाल_एडिसन
वाचतेय आणि मला वाटलं हे आमच्याकडे पण चालेल. मी न्यू जर्सीत एडिसनला, न्यूयॉर्कचे चॅनेल घेते. हाच चपटा अँटेना टॉवरकडच्या भिंतीवर लावला, बरेच चॅनेल छान आले पण चॅनेल ७ आणि ११ काही केल्या स्थिर होत नाहीत. इथे टीव्हीवर क्वालिटी वेगळी दाखवतच नाही, एकच पट्टी आहे. १५ सेंटीमीटरने सरकवत बसले, काही फरक नाही.

वसंतकाका
मृणाल, तुझी गोष्ट वेगळी. लंडनचे सगळे यूएचएफवर आहेत. तुझे ७ आणि ११ हे खरोखरच व्हीएचएफवर पाठवतात, तिथे लहर साधारण दीड मीटर लांब असते. वीतभर सरकवून तिथे काही होणार नाही, आणि चपट्या अँटेनातले तुकडे तेवढ्या लांब लहरीला फार छोटे पडतात. तुला ते जुने सशाच्या कानांसारखे दोन दांडे हवेत. दोन्ही आडवे पसर, प्रत्येक साधारण ४० सेंटीमीटर बाहेर काढ. आणि एकच पट्टी असेल तर ती काय मोजते हे त्या कंपनीलाच माहीत. चित्र एका जागी अर्धा तास बघणं हीच तुझी पट्टी.

मृणाल_एडिसन
गराजमध्ये सासऱ्यांचा जुना दांड्यांवाला आहे! शनिवारी बघते.

निलेश_हॅरो
कालचा पूर्ण रविवार यात गेला पण मजा आली, आई वही घेऊन आकडे लिहीत होती. बेडरूमच्या आग्नेयेच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंच, पाच खुणा केल्या. सगळं लिहीत नाही, दोनच जागा महत्त्वाच्या निघाल्या.
तिसऱ्या खुणेवर २३ ला १००, २६ ला १००, पण ३० ला ६० आणि २८ ला ३५. चौथ्या खुणेवर २३ ला ९०, २६ ला ८५, ३० ला ८५, २८ ला ७०. मी तिसरी पक्की करणार होतो, कारण दोन-दोन शंभर दिसत होते. आई म्हणाली अरे चौथीत नापास कोणीच नाही.

वसंतकाका
आईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी जे सांगितलं ते मला शिकाऊ मुलांच्या गळी उतरवायला महिना लागायचा. जागा ठरवायची ती सगळ्यात कमजोर मल्टिप्लेक्सवरून. २३ चं ९० आणि १०० यात पडद्यावर काडीचा फरक नाही, पण २८ चं ३५ आणि ७० यात रोजचं गोठणं आणि शांतपणे बघणं एवढा फरक आहे. प्रत्येक नंबरची लहर थोडी वेगळ्या लांबीची म्हणून त्यांचे खळगे वेगवेगळ्या जागी पडतात. सगळ्यांना बरी अशी जागा शोधावी लागते, एकाला उत्तम अशी नव्हे.
अजून एक, अँटेना कपड्यांच्या स्टँडपासून, रेडिएटरपासून आणि कुठल्याही ॲडॅप्टरपासून हातभर लांब ठेव. केबल टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या वायरींना गुंडाळून नेऊ नकोस, स्वस्त एचडीएमआय वायरी याच फ्रिक्वेन्सीत गोंगाट करतात.

अभि_स्लाऊ
काका, मीपण आज ॲम्प्लिफायर काढून बघितला. स्ट्रेंथ निम्मी झाली पण हॉलच्या टीव्हीवर क्वालिटी ९५ च राहिली. बेडरूमच्या टीव्हीवर मात्र २० वर आली. म्हणजे स्प्लिटरपायीच लागत होता. परत लावला.

निलेश_हॅरो
चार दिवसांनी लिहितोय. दिवसभर सगळं मस्त, पण रात्री नऊनंतर ३० आणि २८ दोन्ही फुटायला लागले. क्वालिटी ७० वरून ३० ला. दिशा तीच, अँटेना तिथेच. हवामान का? सध्या उकाडा आहे.

शुभदा_एस
आमच्याकडे पण उन्हाळ्यात असं होतं, फ्रीव्ह्यूच्या वेबसाइटवर सूचना पण असते की हाय प्रेशरमुळे सिग्नलमध्ये अडचण आहे, रिट्यून करू नका. दोन-चार दिवसांनी आपोआप जातं.

वसंतकाका
होतं तसं, हवेचे थर असे बसतात की लांबच्या टॉवरचे सिग्नल इथवर येऊन मिसळतात. पण ते असं घड्याळ लावून नऊला येत नाही, आणि सगळ्या भागाला एकदम होतं. निलेश, नऊ वाजता घरात काय बदलतं ते बघ. काय चालू होतं, काय बंद होतं, काय खाली येतं.

निलेश_हॅरो
सापडलं. आई नऊला बेडरूममध्ये झोपायची तयारी करते आणि पडदा ओढते. तो पडदा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ब्लाइंड! अँटेना भिंतीवर, खिडकीच्या चौकटीपासून जेमतेम २० सेंटीमीटरवर, आणि ब्लाइंड सोडला की चौकटीबाहेर अँटेनाच्या कडेपर्यंत येतो. ब्लाइंड वर, क्वालिटी ७०. खाली, ३०. अँटेना चाळीस सेंटीमीटर आणखी लांब नेला, परत खुणा केल्या, आता ब्लाइंड खाली असताना पण २८ वर ६५.
एक मात्र अजून कळलं नाही. दिवसातून दोन-तीन वेळा फक्त २८ एका सेकंदापुरता शून्यावर जाऊन परत येतो. बाकी पाचांना काहीच होत नाही. फ्रीज बंद करून बघितला, तरी होतं.

केदार_क्रॉयडन
समोरून डबलडेकर बस जाते का? माझ्या बहिणीकडे बस स्टॉपवर थांबली की एकच मल्टिप्लेक्स जायचा.

निलेश_हॅरो
बसचा रस्ता मागच्या बाजूला आहे, आग्नेयेला नाही. पण मागून आपटून येणारी लहर असू शकते का?

वसंतकाका
असू शकते, पण दुसऱ्या मजल्यावर मला खात्रीने सांगता येणार नाही. शेजाऱ्यांचं एखादं उपकरण चालू-बंद होत असेल तरी असंच दिसतं. आठवडाभर वेळा लिहून ठेव, तास-मिनिटासकट. बसच्या वेळांशी जुळल्या तर बस.

मृणाल_एडिसन
सासऱ्यांचे दांडे लावले. ७ एकदम स्थिर. ११ आडवे ठेवून नाही आला, एक दांडा थोडा वर तिरका केला तेव्हा आला, का ते माहीत नाही. चपटा पण ठेवलाय, दोन केबल आहेत आणि बघायचं असेल तशी हाताने बदलते.

निलेश_हॅरो
वही फ्रीजवर लावलीये. आज सकाळी ८:१४ आणि ८:४२. आई बसचा नंबर बघायला गॅलरीत उभी आहे.